डब्यावरचे चौरस फूट विसरा, आजींची खोली मोजा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. घरात दम्याचं माणूस असेल, किंवा खिडकीसमोर पुनर्विकासाचं काम चालू असेल, तर चहा घेऊन बसा. बाकीच्यांनी सेव्ह करून ठेवा, दिवाळीनंतर लागेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एअर प्युरिफायरच्या डब्यावर ‘अमुक चौरस फुटांपर्यंत’ असं छापायला बंदी घातली पाहिजे. हा आकडा सरळ खोटा नसतो, म्हणून तो जास्त फसवतो. एखाद्या टेम्पोवर ‘चाळीस माणसं बसतात’ असं लिहावं, तशातला तो प्रकार. बसतील हो, पण कशी?

मी वीस वर्षं औषध कारखान्यांतल्या स्वच्छ खोल्यांच्या हवेचं काम करतो. आमच्याकडे ‘ही खोली किती चौरस फुटांची’ असं कुणी विचारत नाही. ‘तासाला हवेचे फेरे किती’ असं विचारतात. म्हणजे खोलीत जेवढी हवा मावते, तेवढी स्वच्छ हवा तासाभरात किती वेळा मिळते. घरातल्या प्युरिफायरचं गणित अगदी हेच आहे, फक्त विकणारे ते सांगत नाहीत आणि घेणारे विचारत नाहीत.

यंत्र किती स्वच्छ हवा देतं त्याला सीएडीआर म्हणतात. आपल्याकडे तो घनमीटर प्रति तास या मापात छापतात. सीएडीआर १८० म्हणजे यंत्र पूर्ण वेगात तासाला १८० घनमीटर हवा कणमुक्त करून देतं. अमेरिकी यंत्रांवर तोच आकडा मिनिटाला घनफूट या मापात असतो, त्याला १.७ ने गुणलं की आपलं माप मिळतं. त्यांच्याकडे धूर, धूळ आणि परागकण असे तीन वेगळे आकडे देतात. तुम्ही धुराचा बघायचा. धुराचे कण सगळ्यांत बारीक असतात. ते ज्याला जमले त्याला धूळ जमतेच, उलटं मात्र खात्रीने सांगता येत नाही.

मग ते ‘चौरस फुटांपर्यंत’ कुठून येतं? चिनी मानकात एक साधा गुणाकार आहे: सीएडीआरला ०.०७ ते ०.१२ ने गुणा, उत्तर चौरस मीटरमध्ये. विकणारा अर्थातच ०.१२ धरतो. सीएडीआर ३०० असेल तर ३६ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ३९० चौरस फूट. आता आपल्या नऊ फूट उंचीच्या छताखाली ३९० चौरस फुटांत साधारण १०० घनमीटर हवा मावते. म्हणजे यंत्र गरजत असताना तासाला तीन फेरे. आणि हे तुलनेने प्रामाणिक डबे झाले. काही जण तासाला दीड-दोन फेरे धरूनही चौरस फूट काढतात. डब्यावरचा आकडा एकच, त्यामागचं गृहीतक मात्र प्रत्येकाचं वेगळं, आणि ते छापलेलं नसतं.

अमेरिकेतल्या उत्पादक संघटनेचा नियम याहून कडक आहे. त्यात आठ फूट छत धरून तासाला पावणेपाच फेरे निघतात. वणव्याच्या धुराच्या दिवसांत तर ते सांगतात, खोली जितके चौरस फूट, तितके घनफूट मिनिटाला हवेत, म्हणजे सातच्या वर फेरे. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी वणवा नसतो, पण वारा पडतो, रात्री हवा खालीच दबून राहते, आणि शेकोट्या, कचऱ्याच्या होळ्या, भट्ट्या, डंपर सगळं त्याच हवेत.

आता आमच्याच मजल्यावरचं उदाहरण घेतो, काकूंच्या परवानगीने.

बिल्डिंग चेंबूरची, जुनी. दोन्ही बाजूंना पाडकाम. शेजारच्या काकूंच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आजी म्हणतो, त्यांना बऱ्याच वर्षांचा दमा. गेल्या हिवाळ्यात रात्रीचं नेब्युलायझर आठवड्यातून एकदावरून रोजवर आलं. काकूंच्या मुलाने मशीन आणलं. डब्यावर ‘३०० चौरस फुटांपर्यंत’, सीएडीआर १८०. हॉल साधारण तेवढाच, स्वयंपाकघराला उघडा, म्हणून मशीन हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं. ऑटोवर टाकलं. महिना झाला तरी आजींना फरक शून्य.

काकू म्हणाल्या, “अरे, मशीन दिवसरात्र चालूच असतं. हिरवा दिवाही लागतो. फरक पडत नाही म्हणजे पैसे पाण्यातच गेले ना?”

म्हटलं, “काकू, आजी झोपतात कुठे?”

“आतल्या खोलीत.”

मशीन दुसऱ्या खोलीत, आजी दुसऱ्या खोलीत. पण फक्त तेवढंच नाही, हॉलमध्ये बसणाऱ्यालाही त्याचा फारसा उपयोग नव्हता. हे आकड्यांत दाखवतो, कारण हाच या पोस्टचा गाभा आहे.

खोलीतल्या हवेत दोन गोष्टींची रस्सीखेच चालते. बाहेरची घाण हवा फटींतून, दारांतून आत येते, आणि यंत्र आतली हवा साफ करतं. दोन्ही ‘तासाला किती फेरे’ या एकाच मापात मोजा. मग आतल्या हवेचं प्रदूषण बाहेरच्याच्या किती राहील, ते असं निघतं:

```
आतले कण = बाहेरचे कण × गळतीचे फेरे ÷ (गळतीचे फेरे + यंत्राचे फेरे)
```

थोडे कण आपोआप भिंतींना, पडद्यांना चिकटतात, ते मी इथे सोडून दिलेत. आणि आत धूर करणारं काही नाही असं धरलंय.

काकूंचा हॉल ३०० चौरस फूट, नऊ फूट उंच. २७०० घनफूट, म्हणजे ७६ घनमीटर. बाल्कनीचं दार सतत उघडझाप, कामवाल्या ताई येणार, कपडे वाळत घालायचे, म्हणून गळती तासाला दोन फेरे धरू. ऑटोवरचं यंत्र बहुतेक वेळ सगळ्यांत हळू वेगावर बसतं, कारण त्याचा सेन्सर त्याच्याच नाकाशी असतो आणि तिथे त्यानेच साफ केलेली हवा घुटमळते. त्या वेगावर तासाला ६० घनमीटर. ६० भागिले ७६, म्हणजे ०.८ फेरे. बाहेर पीएम २.५ जर १२० असेल तर आत १२० गुणिले २ भागिले २.८, म्हणजे ८५. चोवीस तासांसाठी आपली राष्ट्रीय मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५. घरात मशीन चालू आणि हवा दोन्हींच्या वर.

तेच मशीन उचलून आजींच्या खोलीत नेलं. खोली १० बाय १२, तीच उंची. १०८० घनफूट, म्हणजे ३१ घनमीटरला किंचित कमी. सरकत्या खिडक्या बंद, दार बंद, दाराखाली जुनी चादर गुंडाळून ठेवली. गळती एक फेरा धरू, जुन्या अॅल्युमिनियमच्या खिडकीला त्याहून कमी धरू नये. मधल्या वेगावर तासाला ११० घनमीटर, म्हणजे साडेतीन फेरे. १२० भागिले साडेचार, जवळपास २७. झोपण्याआधी तासभर पूर्ण वेगावर ठेवलं तर पावणेसहा फेरे, आणि आतला आकडा १८.

मशीन तेच, फिल्टर तोच, विजेचं बिलही जवळपास तेच. एका खोलीत ८५, दुसरीत २७. डब्यावरचा ‘३००’ हा आकडा वाचूनच त्या मुलाने ते हॉलमध्ये ठेवलं होतं. म्हणून मला त्या आकड्याचा राग आहे.

आणि खिडकी उघडी ठेवली तर? वारा बरा असेल तर पाच फेरे सहज होतात. १२० गुणिले ५ भागिले साडेआठ, म्हणजे ७१. ‘थोडी हवा खेळती राहू दे’ म्हणून चार बोटं फट ठेवणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. प्युरिफायर चालू ठेवून खिडकी उघडी ठेवणं म्हणजे फ्रिजचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर गार करणं. मात्र उलट टोकालाही जाऊ नका. हे यंत्र ऑक्सिजन देत नाही, कार्बन डायऑक्साइड काढत नाही. स्प्लिट एसीसुद्धा बाहेरची ताजी हवा आणत नाही. दोन माणसं त्या खोलीत रात्रभर झोपली आणि गळती एक फेरा असेल तर हवा कोंदट वाटेल, पण चालेल. चौघं झोपणार असाल तर दार पॅसेजकडे किलकिलं ठेवा आणि यंत्र मोठं घ्या. खिडक्या उघडायच्याच असतील तर दुपारी उघडा, जेव्हा खाडीवरून वारा सुटलेला असतो. पहाटे नको, पहाटेची हवा ताजी असते ही आजोबांच्या काळातली गोष्ट.

तर खरेदीचा हिशेब काय? नऊ फुटी छताला पाच फेरे हवे असतील तर खोलीचे जितके चौरस फूट, त्याच्या सव्वा पट घनमीटर प्रति तास. १२० चौरस फुटांना १५०. एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे. पण एक अट: हे १५० त्या वेगावर मिळायला हवेत ज्या वेगावर तुम्ही झोपू शकता. छापलेला सीएडीआर नेहमी सर्वांत मोठ्या वेगाचा असतो, आणि त्या वेगाला बहुतेक यंत्रं मिक्सरसारखी नाही तरी पेडस्टल फॅनसारखी ओरडतात. रात्री दोन वाजता कुणीतरी उठून ते ‘स्लीप’वर टाकतंच, आणि स्लीपवर अनेक यंत्रं छापील आकड्याच्या चतुर्थांशावर येतात. म्हणून हिशेबाने १५० आलं तर ३०० ते ३५० चं यंत्र घ्या आणि अर्ध्या वेगावर चालवा. मोठं यंत्र हळू चालवणं हे छोटं यंत्र पळवण्यापेक्षा केव्हाही शांत. आजींच्या खोलीला १८० चं यंत्र काठावर बसलं, कारण ते आधीच घरात होतं. नव्याने घेताना मी ते सुचवलं नसतं.

आता फिल्टर. इथे दुसरा खेळ चालतो, ‘एच १३’, ‘एच १४’, ‘हॉस्पिटल ग्रेड’. एच १३ म्हणजे सगळ्यांत अवघड आकाराच्या कणांपैकी ९९.९५ टक्के अडवणारा फिल्टर. त्याच्या खालचा १२ नंबरचा ९९.५ टक्के अडवतो. ऐकायला मोठा फरक. पण घरात तीच हवा पुन्हा पुन्हा फिरून यंत्रात येते. एका फेरीत अर्धा टक्का निसटला तर पुढच्या फेरीत सापडतो. जिथे हवा एकदाच जाते आणि थेट औषधाच्या कुपीवर पडते, त्या आमच्या कारखान्यात तो अर्धा टक्का जीवनमरणाचा. तुमच्या बेडरूममध्ये नाही. उलट फिल्टर जितका घट्ट, तितका पंख्याला जोर जास्त, आणि छोट्या पंख्याने हवाच कमी जाते. एच १४ लावून सीएडीआर १२० देणाऱ्या यंत्रापेक्षा १२ नंबरच्या फिल्टरने ३०० देणारं यंत्र आजींसाठी अडीचपट चांगलं. सीएडीआरमध्ये पंखा आणि फिल्टर दोघांचाही हिशेब आलेला असतो. तो आकडा खरा असेल तर बाकी अक्षरांकडे दुसऱ्या नजरेने बघा. ‘हेपा टाइप’ असं लिहिलेलं असेल आणि सीएडीआर दिलेलाच नसेल, तर मात्र दुकानातून बाहेर या.

एक बारकावा दुकानात कुणी सांगणार नाही. घरगुती यंत्रांतले बरेचसे फिल्टर कापडावर बसवलेल्या विद्युतभाराच्या जोरावरही कण ओढतात, त्यामुळे ते विरळ असूनही चांगलं काम करतात. धुराचे तेलकट कण त्या तंतूंवर बसले की तो भार झाकला जातो. म्हणजे फिल्टर दिसायला फारसा काळा नाही, हवाही जोरात येते, पण बारीक धूर पकडण्याची ताकद उतरलेली असते. उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती रोज लावणाऱ्या घरात हे लवकर होतं. देवासमोर उदबत्ती लावू नका असं मी कशाला सांगू, पण प्युरिफायरच्या बंद खोलीत लावू नका. मच्छर अगरबत्ती तर अजिबातच नको, मच्छरदाणी लावा. दमेकऱ्याच्या उशाशी कॉइल आणि पायाशी प्युरिफायर, असं दृश्य मी स्वतः पाहिलंय.

फिल्टर किती दिवस चालेल तेही खोलीवर ठरतं. चिनी मानकातला सर्वांत वरचा दर्जा म्हणजे १२ हजार मिलिग्रॅम कण पकडेपर्यंत सीएडीआर अर्ध्याच्या वर टिकणं. काकूंच्या हॉलमध्ये हवेत ८५ मायक्रोग्रॅम आणि यंत्र तासाला ६० घनमीटर साफ करत चोवीस तास, म्हणजे दिवसाला १२० मिलिग्रॅमच्या आसपास. शंभर दिवसांत खेळ खलास. आजींच्या बंद खोलीत २७ मायक्रोग्रॅम, तासाला ११० घनमीटर, रात्रीचे दहा तास, म्हणजे दिवसाला ३० मिलिग्रॅम. त्याच हवेत वर्षभराहून जास्त. यंत्रावरचा ‘फिल्टर बदला’ दिवा बहुतेकदा फक्त तास मोजतो. तुमच्या खिडकीबाहेर पाडकाम आहे की समुद्र, हे त्याला कळत नाही.

धुळीबद्दल लोकांची अपेक्षा चुकीची असते, तेही सांगतो. टीपॉयवर रोज जमणारी पांढुरकी भुकटी, सिमेंटची, प्लास्टरची, ती प्युरिफायर थांबवणार नाही. दहा मायक्रॉनचा कण छातीच्या उंचीवरून फरशीवर यायला काही मिनिटं लागतात. यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच तो खाली बसलेला असतो. एक मायक्रॉनचा कण मात्र अर्धा दिवस तरंगतो, आणि धुराचे बरेचसे कण त्याहूनही लहान. यंत्राचं काम या तरंगणाऱ्यांशी. मोठ्या धुळीला ओला पोछा, खिडकीच्या रुळांत ओलं फडकं, आणि केरसुणी बंद. केरसुणीने बसलेली धूळ पुन्हा उडते आणि यंत्राची पुढची जाळी तुंबते. ती जाळी दर आठवड्याला काढून व्हॅक्यूमने किंवा ब्रशने साफ करा. आतला हेपा मात्र कधीही धुवायचा नाही. यूट्यूबवर धुणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

आणि वास. रात्री साडेअकराला मागच्या प्लॉटवर प्लास्टिक जाळतात, तेव्हा यंत्रावर आकडा १५ दिसतो पण नाकाला वास येतोच. यंत्र बिघडलेलं नसतं. हेपा फक्त कण धरतो. वास आणि विषारी वाफा वायुरूप असतात, त्यांना सक्रिय कोळसा लागतो, आणि तो किलोच्या मापात लागतो. आपल्या यंत्रांत काळी जाळी असते, तिच्यावर काही ग्रॅम कोळशाची पूड शिंपडलेली. ती थोड्या दिवसांत भरते, मग गरम दुपारी शोषलेलं थोडं थोडं परतही सोडते. कार्बन मोनॉक्साइड तर चांगला कोळसाही धरत नाही. त्यामुळे जळत्या कचऱ्यावर प्युरिफायर हा अर्धाच इलाज. आकडा कमी दिसला म्हणून हवा निर्धोक झाली असं समजून झोपू नका. आयन सोडणारी बटणं बंद ठेवा, त्यातल्या काहींतून ओझोन निघतो आणि दमेकऱ्याला तोच चावतो.

आता घरच्या घरी चाचणी. पीएम २.५ मोजणारं छोटं मीटर सोसायटीत एक विकत घ्या, आळीपाळीने वापरा. आजींना हॉलमध्ये बसवा. खोली बंद करा, एक उदबत्ती लावा, आकडा ३०० च्या आसपास गेला की ती पाण्यात विझवून बाहेर न्या. आधी मशीन बंद ठेवून बघा, आकडा अर्धा व्हायला किती मिनिटं लागतात. मग पुन्हा तेच, मशीन चालू ठेवून. ४२ ला मिनिटांनी भागलं की तासाला किती फेरे ते मिळतं. आजींच्या खोलीत मशीन बंद असताना अर्ध्या तासाने आकडा निम्मा झाला, म्हणजे १.४ फेरे, त्यात गळती आणि भिंतींना चिकटलेले कण दोन्ही आले. मशीन पूर्ण वेगावर असताना सात मिनिटं लागली, म्हणजे ६. वजा करून ४.६, गुणिले ३१ घनमीटर, म्हणजे १४३. डब्यावर १८०, हातात १४३. महिनाभर हॉलची हवा खाल्लेला फिल्टर आणि भिंतीला चिकटून ठेवलेलं यंत्र, दोन्हींचा हा परिणाम असावा. भिंतीपासून फूटभर पुढे ओढल्यावर सहा मिनिटं झाली. पावसाळ्यात ही छोटी मीटरं दमट हवेने जास्त आकडा दाखवतात, पण इथे आपण निम्मं व्हायला लागणारा वेळ बघतोय, त्यामुळे फार बिघडत नाही.

आजींचं नेब्युलायझर पुन्हा आठवड्यातून एक-दोनदावर आलंय. श्रेय सगळं यंत्राला देऊ नका, डॉक्टरांनी त्याच सुमारास इनहेलरही बदलला होता.

आता सार्वजनिक प्रश्न, कारण नाहीतर ही पोस्ट खरेदी मार्गदर्शन होऊन बसेल.

आमच्या वॉर्डात एक प्रस्ताव फिरतोय: बालवाडीला प्युरिफायर भेट द्यायचा, फोटोसकट. हेतू चांगला आहे. पण खोली २० बाय ३०, दहा फूट उंच, म्हणजे १७० घनमीटर. खिडक्यांना गज आहेत, काचा नाहीत. गळती तासाला आठ फेरे तरी असेल. देणगीतलं यंत्र सीएडीआर ३८० चं, डब्यावर लिहिलंय ‘४९० चौरस फुटांपर्यंत’, म्हणजे त्यांच्याच हिशेबानेही खोली मोठी. सव्वादोन फेरे. आतला आकडा बाहेरच्याच्या ७८ टक्के. म्हणजे १२० चे ९४. फोटो छान येईल, मुलांच्या छातीत फारसा फरक पडणार नाही. बरं, काचा बसवून खोली बंद केली तर तीस मुलं आणि दोन ताई कोंदट हवेत बसणार. ती खोली नीट करायची तर तीन-चार मोठी यंत्रं, काचा, आणि बाहेरची हवा गाळून आत घेणारा पंखा, असा सगळा संसार लागतो. त्याऐवजी समोरच्या बांधकामावर धूळ दाबायला पाणी मारलं जातंय का हे रोज बघणारा एक माणूस स्वस्त पडतो, आणि त्याचा फायदा बालवाडीसकट आख्ख्या गल्लीला.

नियम नाहीत असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी धूळ रोखण्याची नियमावली काढली: उंच पत्र्याचं कुंपण, इमारतीभोवती हिरवं कापड, पाण्याचे फवारे, ताडपत्री झाकलेले ट्रक, बाहेर पडताना चाकं धुणं. आमच्या समोरच्या साइटवर पत्रा आहे, कापड निम्म्या उंचीपर्यंत आहे, आणि चाकं धुण्याच्या जागेवर विटा रचल्यात. कचरा जाळण्याचं तर बोलायलाच नको. २०१६ मध्ये देवनारचं डम्पिंग पेटलं तेव्हा धुराने या भागाचे हाल केले, ते इथल्या कुणाच्या लक्षात नाही? तेव्हा सगळे बोलत होते. रोजच्या छोट्या आगीबद्दल कुणी बोलत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं, आपण आपलं मशीन घेऊ.

म्हणून माझ्या मागण्या दोन. डब्यावर चौरस फूट छापायचेच असतील तर त्याशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात तासाला किती फेरे आणि कोणत्या वेगावर, हे छापायची सक्ती हवी, आणि सीएडीआर दोन वेगांचा हवा: पूर्ण, आणि झोपताना चालेल असा. दुसरी, बालवाडीच्या देणगीचे पैसे यंत्रावर घालण्याआधी वॉर्ड ऑफिसने समोरच्या साइटची तपासणी करून निकाल लेखी द्यावा. अर्ज तयार आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा गेटजवळच्या कट्ट्यावर सह्यांसाठी बसणार आहोत, मीटरही तिथे असेल, बघून जा.

ज्यांना घरचं गणित करून हवं असेल त्यांनी कमेंटमध्ये लांबी, रुंदी, उंची, खिडक्या सरकत्या की बिजागरीच्या, खोलीत किती जण झोपतात, आणि यंत्र असेल तर त्याचा सीएडीआर एवढं टाका. कंपनीचं नाव नको, त्यावरून भांडणं होतात.